पाडव्याचा ट्रॅक्टर, सप्टेंबरचा हप्ता: साडेचार एकरांच्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टर कर्जाचं प्रकरण

हे प्रकरण लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकरी कुटुंबाचं आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, बँक, डीलर कुणाचंच नाव दिलेलं नाही आणि रकमा साधारण हजारांत ढोबळ धरल्या आहेत. कर्जदाराला इथे दादा म्हणतो. कर्जाचे कागद लावायला आणि हप्त्यांचं गणित मांडायला मी त्यांच्याबरोबर बसलो होतो, त्यामुळे निर्णय कसे झाले ते जवळून पाहिलं.

पार्श्वभूमी

दादांची जमीन साडेचार एकर. सातबारावर आई, दादा आणि लग्न झालेली बहीण अशी तीन नावं. विहिरीला दिवाळीनंतर दोन-अडीच एकर भिजेल इतकंच पाणी. खरिपात सोयाबीन आणि त्यात तुरीच्या ओळी, रब्बीत पाणी पुरेल तेवढा हरभरा. विकास सोसायटीचं पीककर्ज ९० हजार.

ट्रॅक्टर घ्यायचा विचार एवढ्या जमिनीच्या जोरावर झाला नव्हता, आणि व्हायलाही नको. नांगरट, दोन वेळा रोटा, पेरणी असं सगळं धरलं तरी साडेचार एकरांत ट्रॅक्टर वर्षाला पन्नास तास चालत नाही. बँकांच्या जुन्या हिशेबात मात्र ट्रॅक्टर परवडायला वर्षाला हजार तास काम लागतं. दादांचं बळ वेगळं होतं. सात-आठ वर्षं ते गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरवर चालक होते. कुणाचं रान कुठे आहे, कोण वेळेवर पैसे देतो, कुणाकडे दोनदा जावं लागतं, हे त्यांना पाठ होतं. मालकाने वयामुळे ट्रॅक्टर विकायचं ठरवलं तेव्हा ही भाड्याची गिऱ्हाइकं मोकळी होणार होती. जानेवारी २०२३ मध्ये दादांनी बैलजोडी विकली, चालकीतून साठवलेले पैसे त्यात घातले आणि २ लाख ३० हजार हाताशी आले.

मालकाचाच जुना ट्रॅक्टर घेण्याचा विचार आधी झाला होता. त्याचं इंजिन एकदा खोललेलं होतं, आणि जुन्या ट्रॅक्टरवर बँक कर्ज द्यायला तयार नव्हती. तो विषय तिथेच संपला.

अडचण

फेब्रुवारीत दादा तालुक्याच्या डीलरकडे गेले. चाळीस एचपीच्या आसपासचा ट्रॅक्टर, आरटीओ आणि विम्यासह ७ लाख २० हजार. रोटाव्हेटर १ लाख १० हजार. डीलरने कोटेशनमध्ये ट्रॉलीही घातली होती, १ लाख ६० हजारांची. पाडवा २२ मार्चला होता. डीलरचं म्हणणं साधं होतं: आधार, पॅन, सातबारा आणि काही कोरे चेक आणा, पाडव्याला ट्रॅक्टर दारात उभा करतो, फायनान्स आमच्याकडचाच, जमीन गहाण नाही.

ट्रॉली पहिल्याच बैठकीत वगळली. गावात ट्रॉल्या भाड्याने मिळत होत्या. ट्रॉलीची कमाई म्हणजे वीट, वाळू, मुरूम. शेतीकामासाठी नोंदवलेल्या ट्रॅक्टरने असली वाहतूक करताना अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो. दादांनी रोटाव्हेटर ठेवला, कारण गावात भाड्याची सगळ्यात जास्त मागणी त्यालाच होती.

आता गरज ८ लाख ३० हजारांची, हातात २ लाख ३० हजार. कर्ज ६ लाख. ते कुठून घ्यायचं आणि कोणत्या महिन्यांत फेडायचं, असे दोन प्रश्न होते. घरात चर्चा पहिल्याचीच चालली होती. दुसरा प्रश्न वहिनींनी काढला.

दोन कर्जांची मांडणी

डीलरच्या फायनान्सचा दर ‘फक्त नऊ टक्के’ होता, पाच वर्षांसाठी, सहामाही दहा हप्ते. बँकेचा दर अकरा टक्के. साहजिकच दादांचं मन नवाकडे ओढलं होतं.

हा नऊ टक्के फ्लॅट दर होता. म्हणजे ६ लाखांवर वर्षाला ५४ हजार व्याज, पाच वर्षांचं २ लाख ७० हजार, ते मुद्दलात मिळवून दहा समान भाग: हप्ता ८७ हजार. यात मुद्दल दर सहामाहीला ६० हजारांनी कमी होत जातं, पण व्याज कमी होत नाही. शेवटच्या सहामाहीत दादांकडे फायनान्स कंपनीचे फक्त ६० हजार उरलेले असणार आणि त्या सहा महिन्यांचं व्याज २७ हजार. हे एकच उदाहरण वहीवर लिहून दाखवलं, तेव्हा दादा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. घटत्या शिल्लकेच्या हिशेबाने हा दर पंधरा टक्क्यांच्या जवळ जातो. फाइल चार्ज, कागदपत्रांचा खर्च आणि कर्जासोबत लावलेला विमा असे १८ हजार आधीच कापले जाणार होते. ते धरले तर सोळा टक्क्यांच्या वर.

फ्लॅट दर ओळखायला गणित यावं लागत नाही. ‘दोन वर्षं हप्ते भरून मग कर्ज बंद करायचं म्हटलं, तर किती भरावे लागतील?’ एवढं विचारायचं आणि उत्तर लिहून मागायचं. दादांनी विचारलं तेव्हा विक्रेत्याने फोनवरून आकडा मागवला. त्यात मुदतपूर्व बंद करण्याचा आकार वेगळा लावलेला होता. ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने किरकोळ मुदत कर्जांना सगळे आकार धरून वार्षिक दर सांगणारं तथ्यपत्रक द्यावं लागतं. आज कुणी कर्ज घेत असेल तर सही करण्याआधी तो कागद मागावा आणि त्यातला सगळे खर्च धरलेला दर पाहावा. दादांच्या वेळी तो कागद नव्हता.

बँकेचं अकरा टक्के घटत्या शिल्लकेवर होतं. पण बँकेचं कर्ज स्वस्त म्हणजे चांगलं असं म्हणून मी हा विषय संपवणार नाही, कारण बँकेच्या वाटेलाही किंमत होती. जमिनीचं गहाणखत, सातबारावर बोजा, वकिलाचा शोध अहवाल, मुद्रांक वगैरे मिळून १४ हजारांचा खर्च. शिवाय बँकेचं कर्ज म्हटल्यावर डीलरने रोटाव्हेटरवरची १५ हजारांची सूट काढून घेतली. फायनान्स कंपनीकडून त्याला मिळणारं कमिशन बुडत होतं. आणि बँकेला सहा आठवडे लागणार होते. एप्रिल हा नांगरटीचा महिना. तेवढ्या काळात दादांची तीस-पस्तीस एकरांची भाड्याची नांगरट हातची जाणार होती. एकरी १,८०० रुपये भाडं, साडेपाच लिटर डिझेल, झीज-दुरुस्ती वजा जाता हजारभर रुपये उरतात. म्हणजे तीस-पस्तीस हजारांचं नुकसान.

सगळं जमेस धरलं तर डीलरच्या वाटेने व्याज आणि आकार मिळून २ लाख ८८ हजार जात होते. बँकेच्या सहा वर्षांच्या आखणीत व्याज २ लाख १३ हजार, त्यात खर्च आणि गेलेली सूट मिळवून २ लाख ४२ हजार. फरक ४६ हजारांचा. त्यातून बुडालेली नांगरट वजा केली तर दहा-पंधरा हजार उरतात. एवढ्यासाठी जमीन गहाण ठेवायची का, हा दादांचा प्रश्न रास्त होता. केवळ व्याजावर निर्णय घ्यायचा असता तर मी त्यांना बँकेचा आग्रह केला नसता.

हप्त्यांच्या तारखा

निर्णय फिरला तो तारखांवर. पाडव्याला ट्रॅक्टर घेतला तर फायनान्सचा पहिला हप्ता सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, दुसरा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, आणि पुढे पाच वर्षं तसंच. सहामाही हप्ता म्हणजे हंगामी हप्ता, असं डीलर सांगत होता. पण सहामाही हप्ता ट्रॅक्टर उचलल्याच्या तारखेपासून मोजला जातो, पिकाच्या तारखेपासून नाही. जूनच्या मध्यावर पेरलेलं सोयाबीन सप्टेंबरच्या अखेरीस उभं असतं किंवा नुकतंच कापून पडलेलं असतं. त्या आठवड्यात घरात पैसा नसतो.

आम्ही बारा महिन्यांचा तक्ता केला. पीक कधी निघतं ते सोडून, पैसा खात्यात किंवा हातात कधी येतो एवढंच त्यात लिहायचं ठरवलं. सोयाबीन ऑक्टोबरमध्ये निघतं, पण ओलं असतं. बारा टक्क्यांवर ओलावा गेला की आडतीत भाव तोडतात, आणि सगळ्यांचा माल एकदम बाजारात येतो तेव्हा भाव आधीच पडलेला असतो. वाळवून, थोडं थांबून विकायचं तर नोव्हेंबर-डिसेंबर. तूर जानेवारी-फेब्रुवारीत. हरभरा मार्चमध्ये.

मग भाड्याचा पैसा. दादांना वाटत होतं की हा पैसा काम केल्या केल्या मिळतो, म्हणून एप्रिल ते जूनच्या कमाईवर सप्टेंबरचा हप्ता निघेल. मी त्यांना जुन्या मालकाची भाड्याची वही आणायला सांगितली. तिच्यात नाव, एकर, काम आणि रक्कम अशा ओळी होत्या. मे-जूनच्या जवळजवळ प्रत्येक ओळीपुढे एकच शब्द लिहिलेला होता: ‘सोयाबीनवर’. म्हणजे पैसे सोयाबीन विकल्यावर. पाडव्यापासून पेरणीपर्यंत केलेलं काम उधारीवर, वसुली दिवाळीच्या आगेमागे. डिझेल मात्र त्या त्या दिवशी रोख.

वहीतून जे दिसलं ते मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. भाड्याने ट्रॅक्टर चालवणाऱ्याची कमाई वर्षभर पसरलेली आहे असं बँकवाले आणि फायनान्सवाले दोघंही धरतात. प्रत्यक्षात ती गावाच्या पिकालाच बांधलेली असते. सोयाबीन गेलं तर दादांचं स्वतःचं उत्पन्न जातं आणि त्याच वेळी उधारीही अडकते. दोन्ही पैसे एकाच दाराने येतात.

मार्चचा घोळ वहिनींनी दाखवला. त्या म्हणाल्या, “मार्चात सोसायटीचं नवं-जुनं असतं, जुनं कर्ज फेडून नवं उचलायचं. हरभऱ्याचे पैसे आले तसे तिकडे जातात. त्या महिन्यात ट्रॅक्टरचा हप्ता कुठनं भरायचा?” पीककर्ज मुदतीत फेडलं नाही तर व्याजाची सवलत जाते, म्हणून ते कुणी चुकवत नाही. नवं कर्ज हातात यायला पुढे काही आठवडे जातात. त्यातच आणखी ८७ हजार उभे करायचे तर सावकार किंवा सोनं, दुसरा मार्ग नव्हता.

तक्त्यावरून आखणी निघाली ती अशी: वर्षाला दोन हप्ते, १५ डिसेंबर आणि १५ एप्रिल. डिसेंबरला मुद्दलाचे ७० हजार, एप्रिलला ३० हजार, आणि त्या तारखेपर्यंतचं व्याज. सहा वर्षांत ६ लाख फिटतात. पहिला डिसेंबरचा हप्ता व्याजासह १ लाख ११ हजार, त्यानंतरचा एप्रिलचा ४९ हजार ५००. डिसेंबरला सोयाबीन आणि उधारी दोन्ही हातात. एप्रिलला तूर आणि नव्या पीककर्जाने मोकळा झालेला हरभऱ्याचा पैसा, पण त्यातूनच खरिपाचं बी-खत घ्यायचं असल्याने हप्ता हलका.

डीलरकडे हीच मागणी ठेवली. पहिला हप्ता पुढे ढकलता येईल, पण पुढचं व्याज चढेल आणि हप्ते समानच राहतील, असं उत्तर आलं. कमी-जास्त रकमेचे हप्ते त्यांच्या पद्धतीत बसत नव्हते.

बँकेत काय घडलं

पहिल्या बँकेने साडेचार एकर ऐकूनच नाही म्हटलं. दुसऱ्या बँकेच्या शाखेत कृषी अधिकारी तरुण होते आणि त्यांनी ऐकून घेतलं. स्वतःच्या जमिनीवर प्रस्ताव बसत नाही, भाड्याच्या कामाचा पुरावा द्या, असं ते म्हणाले. दादांनी बावीस शेतकऱ्यांची यादी केली: गट नंबर, एकर, कोणतं काम, आणि प्रत्येकाची सही. जुन्या मालकाने जामीन राहायचं कबूल केलं. ही यादी नसती तर प्रस्ताव पुढे गेला नसता असं मला वाटतं.

तीन गाठी सोडवाव्या लागल्या. सातबाराच्या इतर हक्कात वडिलांच्या काळातल्या विहीर कर्जाचा बोजा अजून होता. कर्ज कधीच फिटलेलं, पण बोजा कमी करण्याचा फेरफार कुणी केलाच नव्हता. दाखला आणून तलाठ्याकडे अर्ज, नोटिशीचे पंधरा दिवस, मग मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी. सगळ्यात जास्त वेळ यातच गेला.

दुसरी गाठ सोसायटीची. बँकेला सोसायटीचं काही देणं नाही असा बेबाकी दाखला हवा होता, त्यामुळे पीककर्जही याच बँकेत आणायचं. मार्चमध्ये नवं-जुनं करायचंच होतं, तेव्हा सोसायटीचं खातं बंद करून बँकेकडून किसान क्रेडिट कार्ड घेतलं.

तिसरी गाठ बहिणीची. सातबारावर नाव असल्याने गहाणखतावर तिची सही लागणार होती. हक्कसोडपत्र करून घ्या म्हणजे कटकट नाही, असं दोघा-तिघांनी सुचवलं. कर्जाच्या निमित्ताने बहिणीचा वाटा काढून घेणं मला पटत नव्हतं, आणि दादांनाही पटलं नाही. ते ताईंच्या घरी गेले, हप्ता थकला तर जमिनीवर काय येऊ शकतं ते दाजींसमोर स्पष्ट सांगितलं. ताईंनी एक अट घातली: दर हप्त्याची पावती मोबाइलवर पाठवायची. मग येऊन सही केली.

हप्त्यांच्या बाबतीत शाखाधिकारी आधी समान सहामाहीवर अडून होते, संगणकात तेच येतं म्हणून. तक्ता आणि वहीतली पानं दाखवल्यावर कृषी अधिकाऱ्यांनी मंजुरीपत्रातच तारखा आणि रकमा लिहिल्या, आणि वेळापत्रक हाताने भरलं. शेतीच्या मुदत कर्जाचे हप्ते पिकाच्या आणि विक्रीच्या काळाला धरून ठरवावेत ही बँकांना नवी गोष्ट नाही. मागणारा तक्ता घेऊन येत नाही, म्हणून छापील पद्धत चालू राहते. वेळापत्रक तोंडी ठरून भागत नाही. मंजुरीपत्रावर आलं नाही तर अधिकारी बदलला की विषय संपतो.

२ मे २०२३ ला कर्ज डीलरच्या खात्यात गेलं. पाडवा हुकला होता.

पुढची दोन वर्षं

२०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. सोयाबीन फुलात आणि शेंगा धरताना पाण्यावाचून गेलं. दादांना एकरी चार क्विंटल पडलं. एरवी सात-आठ पडायचं. रब्बीला ओल नसल्याने ऑक्टोबरचं भाड्याचं काम निम्म्यावर आलं आणि ‘सोयाबीनवर’ लिहिलेल्या उधारीतली जेमतेम निम्मी वसूल झाली.

१५ डिसेंबरला १ लाख ११ हजार भरायचे होते. १० तारखेलाच दादा शाखेत गेले. ७० हजार भरले, उरलेले ४१ हजार तुरीवर देतो असं अर्जावर लिहून दिलं. तुरीला त्या हंगामात चांगला भाव होता, आडतीत हमीभावाच्या बराच वर. फेब्रुवारीच्या अखेरीस बाकी फिटली. थकलेल्या रकमेवर थोडं जादा व्याज लागलं. एरवी नव्वद दिवस थकलं की बँक ते खातं अनुत्पादक, म्हणजे थकीत कर्ज म्हणून धरते, पण बँकेच्या शेती कर्जात हे पिकाच्या हंगामांवर ठरतं. कमी मुदतीच्या पिकांसाठी दोन हंगाम थकबाकी राहिली तर. दादांना त्या सवलतीची गरज पडली नाही, पण ती आहे हे माहीत असल्याने घरात घबराट झाली नाही. याचा अर्थ उशीर दिसत नाही असा नव्हे. सिबिलच्या नोंदीत तेवढे दिवस लागलेच.

दादांचा हुकला त्याच २०२३ च्या पाडव्याला गावातल्या आणखी एकाने डीलरच्या फायनान्सवर ट्रॅक्टर घेतला होता. त्याची जमीन दादांपेक्षा जास्त. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्याचा पहिला हप्ता खात्यात पैसे नसल्याने परत गेला. परत गेल्याचा दंड बँकेचा वेगळा, फायनान्सचा वेगळा. वसुलीवाले दारात आल्यावर त्याने ओलं सोयाबीन पडेल भावात घातलं. मार्चला पुन्हा तेच झालं, तेव्हा सोनं ठेवलं. एका उदाहरणावरून सगळे डीलर फायनान्स वाईट ठरवू नयेत. ज्याला दर महिन्याला दुधाचा किंवा पगाराचा पैसा आहे, किंवा ज्याची जमीन वादात आहे आणि गहाणखत होऊच शकत नाही, त्याला तीच वाट असते. या गड्याचं पीक आणि हप्ता यांचा मेळ नव्हता, एवढंच.

२०२४ ला पाऊस झाला, पीक आलं, पण भाव गेला. हमीभाव ४,८९२ रुपये आणि बाजारात चार हजारांच्या आसपास. डिसेंबरपर्यंत थांबूनही भाव वर आला नाही. दादांनी वीस क्विंटल सरकारी खरेदी केंद्रावर घातलं. त्याचे पैसे जानेवारीत आले, हप्ता १५ डिसेंबरचा. या वेळी उधारी चांगली वसूल झाल्याने आणि बाकीचं सोयाबीन बाजारात विकल्याने १ लाख ७ हजारांचा हप्ता तारखेला गेला, पण खात्यात फार काही उरलं नाही. केंद्रावर माल घालणाऱ्याला १५ जानेवारी ही तारीख जास्त सोयीची, हे तेव्हा लक्षात आलं.

एप्रिल २०२५ चा चौथा हप्ता भरल्यावर मुद्दल ४ लाखांवर आलं.

वेगळं काय करता आलं असतं

अनुदानाचा अर्ज वर्षभर आधी करायला हवा होता. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत लहान शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी सव्वा लाखापर्यंत अनुदान होतं, पण महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज, निवड आणि पूर्वसंमती आल्यानंतरच खरेदी करायची असते. आधी घेतलेल्या यंत्राला ते मिळत नाही. दादा फेब्रुवारीत जागे झाले तेव्हा निवडीची वाट पाहायला वेळ नव्हता. केवळ अनुदानासाठी हंगाम सोडून बसावं असं मी सांगत नाही, पण अर्ज करून ठेवायला पैसे लागत नाहीत.

सातबारावरचा जुना बोजा आधी काढला असता तर तीन आठवडे वाचले असते आणि एप्रिलची नांगरट हाती लागली असती. बँकेच्या वाटेची सगळ्यात मोठी किंमत त्या गेलेल्या आठवड्यांतच होती. कर्ज घ्यायचं असो-नसो, दिवाळीच्या सुमारास सातबारा आणि आठ-अ काढून इतर हक्काचा रकाना वाचावा.

पहिल्या हप्त्याच्या वर्षी मुद्दल कमी ठेवायला हवं होतं. नवा ट्रॅक्टर, नवी गिऱ्हाइकं आणि बैल विकलेले, अशा वर्षी डिसेंबरला ७० हजारांऐवजी ४० हजार मुद्दल धरून उरलेलं शेवटच्या वर्षांवर नेलं असतं, तर व्याज थोडं वाढलं असतं पण २०२३ चा डिसेंबर सुटला असता. तेव्हा आमचं लक्ष तारखांवर होतं. वर्षागणिक रक्कम चढती ठेवता येते हा मुद्दा कुणी मांडलाच नाही.

उधारीच्या बाबतीत मात्र दादांनी २०२४ च्या मेपासून बदल केला. डिझेलचे पैसे काम सुरू करण्याआधी रोख, बाकीची मजुरी सोयाबीनवर. दोन गिऱ्हाइकं तुटली. पण नांगरटीच्या दिवसांत पेट्रोल पंपावरची स्वतःची उधारी बंद झाली, आणि वहीत ‘सोयाबीनवर’ राहणारी रक्कम एकरी पाचशेने कमी झाली.